योनीकूट शून्य आलं तेव्हा

लेकीसाठी आलेलं स्थळ सगळ्यांच्या मनात भरलं होतं. पत्रिका जुळवली तर छत्तीसपैकी सत्तावीसच्या आसपास गुण आले. नाडी वेगळी, गण दोघांचा देव, राशी समोरासमोर. फक्त योनीच्या रकान्यात शून्य होतं. मुलाचं नक्षत्र अश्विनी, म्हणजे अश्वयोनी. लेकीचं स्वाती, म्हणजे महिषयोनी. घोडा आणि रेडा हे जन्मजात वैरी मानलेत, म्हणून चारपैकी एकही गुण नाही. सासूबाई म्हणाल्या, "बाकी सगळं जुळेल गं, पण एकमेकांची ओढच नसेल तर?"

हा प्रश्न मला खरा वाटला. योनीकूट पाहतात ते याचसाठी: दोन माणसं जवळ आली की शरीर आणि स्वभाव सहज एकमेकांना स्वीकारतात का. योनी एक असेल तर चार गुण, मित्र असेल तर तीन, सम असेल तर दोन, शत्रू असेल तर एक आणि मांजर-उंदीर, साप-मुंगूस, गाय-वाघ अशा महावैराला शून्य.

गुरुजींनी आधी नक्षत्रच तपासायला घेतलं. "काकू, मुलीचा चंद्र तुळेत साडेएकोणीस अंशांवर आहे. वीस अंशांना स्वाती संपतं. जन्मवेळ पक्की आहे ना?" चंद्राला अर्धा अंश सरकायला साधारण तास लागतो. वेळ तासाभराने पुढची निघाली असती तर नक्षत्र विशाखा, योनी व्याघ्र आणि गण राक्षस झाला असता. सगळं गणितच बदललं असतं. दवाखान्याचा जुना कागद काढला. त्यावरची वेळ आणि माझ्या आठवणीतली वेळ यात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा फरक होता. स्वाती कायम राहिलं आणि शून्यही.

मग ते म्हणाले, "योनी चंद्राच्या नक्षत्रावरून एवढंच सांगते. ओढ पाहायची तर दोघांचा शुक्र आणि सप्तमस्थानही पाहायला हवं." राशीकूट शुद्ध असलं आणि एकूण गुण भरपूर असले, तर एकट्या योनीवैरासाठी स्थळ मोडू नये, असा त्यांचा संप्रदाय. काही ज्योतिषी मात्र योनीवैर सोडत नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही. माझ्या मते गुरुजींचं म्हणणं बरोबरच आहे. चार गुणांचं कूट अजिबात न मानणं जितकं चूक, तितकंच त्याला नाडीच्या आठ गुणांच्या वर बसवणंही.

दोन्ही पत्रिकांत सप्तमेश सुस्थितीत निघाला. तरी मी लेकीला शून्याचा अर्थ नीट समजावून सांगितला आणि दोघांना आणखी भेटू दिलं. घाई कोणीच केली नाही. एका भेटीनंतर ती म्हणाली, "आई, त्याच्याशी बोलताना मला शब्द शोधावे लागत नाहीत." सासूबाईंनी ते ऐकलं आणि साखरपुड्याची तारीख काढायला स्वतःच गुरुजींना फोन लावला.