चार ओळींचा निरोप

लेखा विभागातील एका सहकाऱ्याला शनिवारी रात्री अटक झाल्याचे त्याच्या भावाने रविवारी मला फोनवर कळवले. प्रकरण पूर्णपणे खासगी होते, त्याचा कामाशी काही संबंध नव्हता. मनुष्यबळ विभागाची प्रमुख म्हणून सोमवारी सकाळी कर्मचाऱ्यांना काय सांगायचे, हे मलाच ठरवायचे होते.

माझ्या पहिल्या मसुद्यात 'एका दुर्दैवी घटनेमुळे' असे शब्द होते. आमच्या वकिलांनी तेवढेच खोडले आणि विचारले, "दुर्दैव कोणाचे? त्यांचे, की तक्रारदाराचे?" एका विशेषणाने आपण बाजू घेतो, हे मला तेव्हा उमगले. 'रजेवर आहेत' हेही मी काढले, कारण तोवर रजेचा अर्जच आला नव्हता आणि खोटे उघडे पडले असते तर पुढचे कोणी खरे मानले नसते.

शेवटी विभागातील नऊ जणांना गेलेला निरोप असा होता: "आपले सहकारी काही दिवस कामावर नसतील. त्यांची देयके तोपर्यंत उपव्यवस्थापक पाहतील. कोणाच्याही वैयक्तिक बाबींवर कार्यालय भाष्य करीत नाही. बाहेरून कोणी चौकशी केल्यास कृपया माझा क्रमांक द्यावा." अटक हा शब्द त्यात नव्हता. संपूर्ण माहिती संचालक, वकील, विभागप्रमुख आणि मी अशा चौघांपुरतीच ठेवली.

मात्र दुपारपर्यंत कोणीतरी बातमीचा दुवा विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. आता गप्प राहणे म्हणजे लपवणे वाटले असते, म्हणून विभागप्रमुखांनी सर्वांना समोरासमोर एवढेच सांगितले की बातमी आमच्याही वाचनात आली आहे, आरोप सिद्ध झालेला नाही आणि तपास आमच्याकडे नाही. "ते परत येणार का?" या प्रश्नाला त्यांनी "ठरलेले नाही" असे उत्तर दिले, आणि ते खरेच होते. दुवा टाकणाऱ्याला मी एकटे बोलावून तो काढायला लावला. सर्वांदेखत बोलले असते, तर बातमी आणखी चार जणांनी उघडली असती.

चूक झाली ती मला सुचलीही नव्हती अशा जागी. आमचा हजेरीतक्ता सगळ्यांना दिसतो, आणि त्यात त्याच्या नावापुढे संगणकाने आपोआप 'विनापरवाना गैरहजर' असे लाल अक्षरांत भरले होते. दोन दिवस ते कोणाच्याही लक्षात आले नाही, निदान मला तसे कोणी सांगितले नाही. मी ती नोंद सर्वांसाठी झाकली, भावामार्फत अर्ज मागवून रजा रीतसर मंजूर केली आणि त्यानंतरच तक्त्यात 'रजा' दिसू लागले.

अकराव्या दिवशी त्यांचा जामीन झाला. रुजू होण्यापूर्वी मी त्यांना विचारले, "विभागाला काय सांगू?" ते म्हणाले, "मी येतोय, एवढंच." दुसऱ्या दिवशीचा निरोप तेवढाच गेला.