डायरीतलं ९५: इन्फोसिसच्या इश्यूची तारीख आणि भाव शोधताना

मामांच्या डायरीत एकच ओळ होती: "इन्फोसिस – १०० – ९५". ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत गावभागातल्या घराचा तळमजला पाण्यात गेला, तेव्हा अलॉटमेंट लेटर आणि जुने कागद गेले. डायरी वरच्या मजल्यावरच्या कपाटात होती म्हणून वाचली. मामा गेल्यावर शेअर मामींच्या नावावर आले. आता त्यांना ते विकायचे होते आणि सीएंनी विचारलं, "कधी घेतले, कितीला घेतले?"

"अरे, ते पंच्याण्णव साल असेल," मामी म्हणाल्या. "यांनी त्या सुमाराला बरेच शेअर घेतले होते."

मी एनएसईच्या साइटवरून सगळ्या लिस्टेड कंपन्यांची EQUITY_L.csv ही फाइल उतरवली. तिच्यात इन्फोसिसची ओळ अशी आहे:

```
INFY,Infosys Limited,EQ,08-FEB-1995,5,1,INE009A01021,5
```

फेब्रुवारी १९९५! मामींचं म्हणणं बरोबर निघालं असं कुणालाही वाटेल. मला खटकलं ते असं, की एनएसईवर शेअरची खरेदी-विक्रीच नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली. त्याआधी बाजारात आलेल्या कंपन्या तिथे नंतर दाखल झाल्या आणि या फाइलमध्ये त्या दाखल होण्याची तारीख असते. म्हणजे जुन्या कंपनीपुढे १९९४-९५ ची तारीख दिसली, तर ती इश्यूची, म्हणजे कंपनीनं लोकांना पहिल्यांदा शेअर विकल्याची, असेलच असं धरू नये. टीसीएसच्या ओळीत २५ ऑगस्ट २००४ आहे आणि तिथे ती खरोखरच बाजारातल्या पहिल्या दिवसाची तारीख आहे, कारण टीसीएसचा ८५० रुपयांचा इश्यू त्याच महिन्याच्या सुरुवातीला बंद झाला होता. बजाज ऑटोपुढे २६ मे २००८ आहे, पण त्या तारखेमागे इश्यूच नाही. जुनी कंपनी विभागून ही नवी झाली आणि जुन्या भागधारकांना शेअर आपोआप मिळाले. तिथे "इश्यू प्राइस" शोधत बसलात तर आयुष्यभर सापडणार नाही.

इन्फोसिसचा खरा इतिहास कंपनीच्याच साइटवर, गुंतवणूकदारांच्या प्रश्नोत्तरांत सापडला. इश्यू फेब्रुवारी १९९३ मध्ये, भाव ९५ रुपये. शेअर बाजारात आला जून १९९३ मध्ये आणि व्यवहार १४५ रुपयांना उघडला. आज अर्ज केल्यावर आठवड्याच्या आत लिस्टिंग होतं, त्यामुळे मधले चार महिने विचित्र वाटतात. तेव्हा कागदी अर्ज, बँकांतून गोळा होणारे चेक, पोस्टानं येणारी सर्टिफिकेटं असा सगळा कारभार होता. सेबीच्या साइटवर नव्या कंपन्यांची प्रॉस्पेक्टस मिळतात, पण इतक्या जुन्या इश्यूसाठी कंपनीचे वार्षिक अहवालच धुंडाळावे लागतात. जुने कागद शोधताना नाव इन्फोसिस टेक्नॉलॉजीज असं घालायचं, कारण "टेक्नॉलॉजीज" हा शब्द २०११ मध्ये गळला.

त्याच पानावर आणखी दोन भाव आहेत आणि घाईत वाचणारा तिथे फसतो. ऑक्टोबर १९९४ मध्ये कंपनीनं साडेपाच लाख शेअर ४५० रुपयांनी संस्थांना दिले. तो पब्लिक इश्यू नव्हता, तुम्हाआम्हाला त्यात अर्ज करता आला नसता. मार्च १९९९ मध्ये नॅसडॅकवर ३४ डॉलरचा इश्यू झाला, तो अमेरिकी डिपॉझिटरी शेअरचा. इंग्रजी बातम्यांत त्यालाही आयपीओच म्हटलेलं सापडतं.

आता प्रश्न उरला डायरीतल्या ९५ चा. भाव की साल? मामांनी १९९३ मध्ये अर्ज केला असेल तर तो भाव, आणि १९९५ मध्ये बाजारातून घेतले असतील तर ते साल. याचं उत्तर तारखेत नाही, शेअरच्या संख्येत सापडलं.

मामींकडे बँकेची एक फाइल होती, तिच्यात मार्च २००१ चं डीमॅट स्टेटमेंट निघालं. इन्फोसिस: १६०० शेअर. इन्फोसिसनं १९९४, १९९७ आणि १९९९ मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक फुकट, आणि २००० मध्ये दहा रुपयांचा शेअर पाच-पाचचे दोन केला. इश्यूमध्ये मिळालेले १०० धरले, तर तीन बोनसनी ८०० होतात आणि विभागणीनंतर १६००. १९९५ मध्ये घेतलेल्या १०० ला १९९४ चा बोनस मिळणारच नाही, त्यांचे ८०० च होतील. स्टेटमेंटमध्ये १६०० आहेत आणि डायरीत इन्फोसिसची दुसरी नोंद नाही. म्हणजे ९५ हा भावच. ही विभागणी शेअरच्या ओळख क्रमांकात, म्हणजे आयएसआयएनमध्येही दिसते: INE009A01021 मधल्या 01 नंतरचे 02 हे आकडे. हा या शेअरचा दुसरा क्रमांक आहे, कारण दर्शनी किंमत बदलली की नवा क्रमांक लागतो.

पुढचा हिशेब मी उत्सुकतेपोटी केला. २००४ मध्ये एका शेअरमागे तीन बोनस, मग २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये एकास एक. इश्यूतल्या एका शेअरचे आज १०२४ झाले. ९५ भागिले १०२४, म्हणजे सव्वानऊ पैसे. काही साइटच्या जुन्या आलेखात इन्फोसिसचा भाव पैशांत का दिसतो, ते इथे कळतं. तो आकडा बोनस आणि विभागणीनुसार मागे नेऊन कमी केलेला असतो. तो इश्यूचा भाव म्हणून कुठेही लिहायचा नाही, आणि उलट आजच्या भावाला ९५ नं थेट भागून "इतक्या पट झाले" असंही सांगायचं नाही.

मामींनी हे ऐकून एकच विचारलं, "मग यांनी विकले किती रे?" कारण आता खात्यात ८०० च शेअर होते. मामांनी मधल्या वर्षांत घर, लग्न, दवाखाना असं करत विकत नेले होते. मी विषय बदलला.

करासाठी मात्र या ९५ चा फारसा उपयोग झाला नाही. वारसानं आलेल्या शेअरला मूळ मालकाची तारीख आणि किंमत लागते हे खरं. पण ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या लिस्टेड शेअरसाठी त्या दिवसाचा सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, विक्रीचा भाव त्याहून कमी असेल तर विक्रीचा. सीए म्हणाले, "तारीख पक्की झाली, बास. पण आठशेचे दोन भाग करा." इथे २०१८ च्या बोनसचा काटा होता. तो सप्टेंबरमध्ये आला, म्हणजे त्या तारखेनंतर. त्यामुळे ८०० पैकी ४०० ना ३१ जानेवारीचा भाव, आणि बोनसच्या ४०० ची खरेदी किंमत शून्य. सगळ्या ८०० ना तो भाव लावला असता, तर कर कमी दिसला असता आणि पुढे नोटीस आली असती.

मामी यंदा पहिले ४०० विकणार आहेत. डीमॅटमध्ये आधी आलेले आधी विकले गेले असं धरतात, त्यामुळे तो निवड करण्याचा प्रश्नही उरला नाही. शून्य किमतीचे ४०० पुढच्या आर्थिक वर्षात काढायचे आहेत, तेही दीर्घकालीन नफ्याची सव्वा लाखाची सूट बघून, थोडे थोडे.