रिकाम्या गाडीचं वजन

खरेदी केंद्रावर पैसे सोडण्याआधी काटापावत्या तपासायचं काम माझ्याकडे असतं. परवा मक्याचे एक शेतकरी पावती घेऊन टेबलाशी आले. "साहेब, दीडशे पोती भरली होती, पोतं साठ किलोचं. मग वजन एवढं कमी कसं भरलं?"

पावतीवर भरलेली गाडी १४,५६० किलो, रिकामी ५,७८० आणि निव्वळ ८,७८० होतं. वजाबाकी बरोबर होती, आणि बहुतेक जण इथेच पावती खाली ठेवतात. पण पोती मोजून घेतलेली होती. दीडशे पोत्यांचे ९,००० किलो आणि रिकाम्या गोण्यांचे साधारण ९०, म्हणजे काट्यावर ९,१०० च्या आगेमागे यायला हवं होतं. पोत्यामागे अर्धा-पाऊण किलो इकडेतिकडे होतं, दोन किलो सहसा नाही.

मग मी वेळ पाहिली. भरलेल्या वजनाची वेळ १०:५२ आणि रिकाम्याची १०:५३. एका मिनिटात दीडशे पोती कोण उतरवणार? गाडी रिकामी होऊन काट्यावर आलीच नव्हती. गाडी नंबर टाकला की संगणक आधी साठवलेलं रिकामं वजन पुढे करतो. रांग लांबली की काटेवाल्याला ते सोयीचं पडतं.

गाडी अजून आवारातच उभी होती, हे नशीब. ड्रायव्हर म्हणाला, मागच्या वेळी कडबा भरायला वर उंच फळ्या लावल्या होत्या, ताडपत्री आणि दोरखंड होते, टाकीही काठोकाठ होती. टाकी भरलेली आणि निम्मी यातच शंभरेक किलोंचा फरक पडतो. (आरसी बुकातलं रिकामं वजन इथे फारसं कामाचं नाही, हौदा बदलला की ते बदलतं.)

गाडी पुन्हा काट्यावर घ्यायला लावली. आधी काटा मोकळा करून पडद्यावर शून्य आहे ना, ते पाहिलं. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर, ड्रायव्हर केबिनमध्येच, कारण भरलेल्या वजनातही तो आत होता. आकडा स्थिरावला ५,४३० वर. निव्वळ आलं ९,१३०, म्हणजे ३५० किलोंचा फरक. त्यातून गोण्यांचे ९० किलो वजा करून ९,०४० वर पट्टी केली. ओलाव्याची कट्टी लावायची तर ती याच आकड्यावर, गोण्यांसकट वजनावर नाही.

जुनी पावती रद्द करून नव्या पावतीला जोडली. काटेवाला थोडा कुरकुरला, पण साठवलेलं वजन त्याने माझ्यासमोर पुसलं.

काका गेल्यावर मी त्याच गाडीच्या जुन्या पावत्या काढल्या. बऱ्याच पावत्यांवर रिकामं वजन ५,७८० च होतं. डिझेल रोज तेवढंच कसं असेल? त्या पावत्यांचं पेमेंट होऊन गेलं आहे. वेळांत मिनिटभराचं अंतर असलेल्या वेगळ्या काढून, शेतकऱ्यांच्या नावांसह त्या वरिष्ठांच्या टेबलावर ठेवल्या आहेत.