तर्कदोष शिकवताना गाडी अडली ती 'व्यक्तिगत हल्ल्या'वर

तर्कदोषांच्या तयार सरावपत्रिकांवर माझा अजून राग आहे. त्यांतल्या प्रत्येक वाक्यात दोष असतोच. त्यामुळे मुलं विचार करत नाहीत, फक्त दोषाचं नाव शोधतात.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळात सुरुवात झकास झाली. 'आजोबांनी विडी ओढूनही नव्वदी गाठली, म्हणजे तंबाखू काही वाईट नाही' यातली घाई आणि 'इंजिनिअरिंग कर, नाहीतर रिक्षा चालव' यातला खोटा पेच मुलांनी चटकन पकडला. पण सरावाच्या वादात कुणी समोरच्याचा हेतू विचारला रे विचारला, की मागून आरोळी यायची, "सर, व्यक्तिगत हल्ला!", म्हणजे मुद्दा सोडून माणसावरच बोट ठेवण्याचा दोष, आणि मुद्दा खोडल्याच्या थाटात पोरं खाली बसायची. या आरोळीने मी अक्षरशः वैतागलो.

शेवटी फळ्यावर एकच वाद लिहिला. गॅस एजन्सीवाला म्हणतो, 'इंडक्शन महाग पडतं.' त्यावर गिऱ्हाईक म्हणतं, 'तुम्हाला सिलिंडर विकायचेत, तुमचं काय ऐकायचं?' वर्गाने एका सुरात दोष जाहीर केला. मग मी विचारलं, "एजन्सीवाल्याने पुरावा काय दिला?" काहीच नाही, नुसता शब्द. शब्दावरच विश्वास ठेवायचा असेल, तर त्याचा फायदा कशात आहे हे विचारणं रास्तच आहे. आता त्याने विजेचं बिल आणि सिलिंडरची पावती टेबलावर ठेवली असं धरा. आता आकडे तपासायचे. त्याचा धंदा काढून बिल खोटं ठरत नाही, इथे गिऱ्हाईक दोषी. आणि पहिल्या प्रसंगातही 'याच्यावर विसंबता येत नाही' एवढंच म्हणता येतं, 'म्हणजे इंडक्शन स्वस्तच आहे' ही उडी मात्र चुकीची. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, वाक्य तेच, पण आधी काय झालं त्यावर ठरतं." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर पत्रिका मीच करतो. साधारण तिसरा हिस्सा वाक्यं निर्दोष ठेवतो आणि ते मुलांना आधी सांगत नाही. नाव लिहायला जागाच नसते, 'कोणत्या पायरीवरून उडी मारली?' एवढाच प्रश्न. 'गणवेशात एकदा सूट दिली की उद्या शाळेला कुणी येणारच नाही' यात मधल्या पायऱ्या लिहायला लावल्या की घसरण आपोआप दिसते. पायऱ्या खरंच जोडता आल्या, तर दोष नाही.

हो, उदाहरणं राजकारणातली घेऊ नका. मुलं आपल्या बाजूचा दोष बघतच नाहीत. घरातली भांडणं, सोसायटीचं पार्किंग, क्रिकेट पुरतं. आणि स्पर्धेत दोषाचं नाव उच्चारायला मी बंदी घातली आहे: परीक्षकांपुढे तुटलेली पायरी साध्या मराठीत दाखवायची.