फेस नसलेली कॉफी

गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत परवा दुपारी शेजारच्या टेबलावर छोटीशी खडाजंगी झाली. पांढरा कडक शर्ट, खिशाला पेन, असे एक गृहस्थ मशीनवरच्या पोराला कप दाखवत विचारत होते, "अरे, फेस कुठाय याच्यावर? एक्स्प्रेसो मागवलीय मी." पोरगं अजिजीनं म्हणत होतं, "काका, बी भाजून बरेच दिवस झालेत, म्हणून थर पातळ आलाय. पण एकदा चव तर बघा." काकांनी चव बघितली नाही. कप तसाच आत गेला.

काकांना दोष तरी कसा द्यावा? एक्स्प्रेसो म्हणजे फेस, हे आपल्या मनावर लग्नांनी कोरून ठेवलंय. जानेवारीतली नाशिकची थंडी, लॉन्सवरचं रिसेप्शन, स्टेजवर आहेर देणाऱ्यांची रांग, आणि कोपऱ्यात ते फुस्सऽऽ करणारं मशीन. स्टीलच्या भांड्यात नळी बुडवून तो माणूस वाफ सोडायचा, दूध फसफसून वर यायचं, आणि मग कपावर डबीतून कोको पावडरचा शिडकावा. आम्हा पोरांची तिथे तिसरी-चौथी फेरी असायची. काकू मंडळी शालूवर सांडू नये म्हणून कप लांब धरून प्यायच्या, तरी ओठांवर मिशी यायचीच. घरी हा थाट करायचा तर कपात कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी घालून फेटायचं. आधी गडद चॉकलेटी, मग बदामी, मग पिवळट. मनगट दुखायला लागलं की कप धाकट्या भावाकडे. आजी मात्र जायफळ घातलेली कॉफी प्यायची. त्यावर फेस नाही, असलीच तर साय, आणि ती बोटानं काढून बशीच्या कडेला ठेवलेली.

गंमत म्हणजे लग्नातल्या त्या एक्स्प्रेसोचा आणि इटलीतल्या एक्स्प्रेसोचा फेसापुरता काही संबंध नाही. आपला फेस दुधात कोंबलेल्या वाफेचा आणि हवेचा. त्यांच्याकडेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची यंत्रं वाफेच्या जोरावरच चालायची, पण तो जोर तुटपुंजा होता आणि कॉफी काळी, बिनफेसाची उतरायची. मिलानच्या आकिले गाज्जिया नावाच्या माणसानं 1938 मध्ये नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि युद्ध संपल्यावर, 1948 च्या सुमारास, त्याची दांडा ओढून चालणारी यंत्रं आली. दांडा ओढला की आतली स्प्रिंग दबायची, सोडला की ती गरम पाणी कॉफीतून रेटायची. दाब एकदम आठ-नऊ बारवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या आठ-नऊ पटींवर गेला आणि कपात सोनेरी थर दिसायला लागला. गिऱ्हाईक बिचकलं. हा काय मळ आलाय वर? म्हणून यंत्राच्या अंगावरच लिहावं लागलं की ही कॉफीचीच नैसर्गिक साय आहे, आणि यंत्र वाफेविना चालतं. तेव्हा फेस आला म्हणून खुलासा करावा लागला. गंगापूर रोडच्या पोराला तो नाही आला म्हणून करावा लागला.

हा थर येतो कुठून? बी भाजताना तिच्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बराचसा आतच अडकून राहतो. पुढे तो दिवसेंदिवस हळूहळू बाहेर पडत जातो. नऊ बारच्या दाबाखाली गरम पाणी पुडीतून जातं तेव्हा हा वायू त्यात विरघळतो. पाणी जाळीतून बाहेर पडलं की दाब एकदम उतरतो आणि वायू सुटतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होतं तेच. फरक इतकाच की सोड्याचे बुडबुडे फुटून जातात, इथले टिकतात, कारण भाजताना तयार झालेली तपकिरी द्रव्यं आणि थोडी प्रथिनं त्यांच्याभोवती साल धरतात. तेही काही मिनिटंच.

म्हणजे फेस सांगतो तो मुख्यतः बीत वायू किती उरलाय ते. ही बातमी अगदीच निरुपयोगी नाही. कालपरवा भाजलेली बी असेल तर मोठमोठ्या बुडबुड्यांचा ढिला फेस येतो आणि बघता बघता बसतो. जुनाट बी असेल तर फिकट कडी दिसते आणि विरते. पण दळण जाड असलं, पाणी भसकन निघून गेलं, तरी तसंच दिसतं. नुसत्या वरच्या थरावरून यातलं नक्की काय झालं ते ओळखता येत नाही.

माझ्या भाच्यानं इंदिरानगरच्या घरी छोटं मशीन घेतलंय. त्याच्याकडे दिवाळीपासून उघडं पडलेलं पुडीचं पाकीट होतं. मशीनसोबत आलेल्या दुहेरी तळाच्या जाळीत त्यानं ती पूड भरली आणि कपावर हा एवढा जाड फेस! "मावशी, बघ!" मी प्यायले. ओला पुठ्ठा. त्या जाळीच्या तळाला सुईएवढं एकच भोक असतं, त्यातून कॉफी चिळकांडीसारखी रेटली जाते. फेस भोकाचा, कॉफीचा नव्हे. तीच पूड साध्या, एकेरी जाळीत घातली तर पाणी सुसाट गेलं आणि वर फक्त फिकट कडा उरली.

मग त्यानं चिकमगळूरची अरेबिका जातीची बी काढली, कमी भाजलेली, महिना उलटून गेलेली. कमी भाजलेल्या बीत मुळातच वायू कमी. 18 ग्रॅम बारीक दळली, तीसेक सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी उतरवली. थर असा विरळ की मध्ये काळं दिसत होतं. काकांनी हाही कप परत पाठवला असता. चव मात्र मोसंबीच्या आंबटपणाची, मागून गुळासारखी, आणि कप रिकामा झाल्यावरही बराच वेळ तोंडात राहणारी.

फेसच हवा असेल तर सोपा उपाय म्हणजे रोबस्टा, कॉफीची दुसरी जात. अरेबिकात तेलाचा अंश जास्त, आणि तेल फेसाला मारतं. रोबस्टात तो कमी, म्हणून थर जाड येतो आणि टिकतो. चव कडवट, रांगडी. इटलीतले बरेच भाजणारे याचसाठी मिश्रणात थोडी रोबस्टा घालतात. आपल्या देशात पिकते ती बहुतेक रोबस्टाच, आणि आपली कॉफी सगळ्यात जास्त विकत घेते ती इटली. तिकडच्या सोनेरी थरात कर्नाटक-केरळचे मळे आहेत. हे कळल्यावर मला उगाचच मोठेपणा वाटला, जणू बागायत माझीच.

आणि नुसता फेस कधी चमच्यानं चाखून बघा. कडू लागतो. कॉफीचे अतिसूक्ष्म कण त्यात अडकलेले असतात. तरी लोक फोटो काढतात, वर साखरेचा दाणा टाकून तो किती वेळ तरंगतो ते बघतात. मी आल्या आल्या चमचा घालून सगळं ढवळते. खाली दाट, वर कडू, मध्ये पातळ, असं थराथरानं कोण पिणार? भाचा म्हणतो, चारचौघांत असं करू नकोस, मावशी, गावंढळ दिसतं. दिसू दे. आजी साय काढायचीच की.