कांदा-भाव स्क्रिप्ट, नोंद ७ : ताईच्या लग्नात वाजलेला अलर्ट

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. सिन्नरला आमचं कांदा-बटाट्याचं दुकान आहे. data.gov.in वर बाजार समित्यांचे रोजचे दर मिळतात, त्यातल्या नाशिक जिल्ह्यातल्या सहा बाजारांचा `modal_price` माझी पायथन स्क्रिप्ट अर्ध्या तासाला तपासते. आजचा दर मागच्या सात दिवसांच्या मध्यकापेक्षा वीस टक्क्यांनी खाली गेला की टेलिग्रामवर निरोप येतो.

नोव्हेंबरात एका बाजाराच्या नोंदीत ३९५० च्या जागी ३९५ पडलं होतं. रात्री अकराला मी अण्णांना झोपेतून उठवलं आणि दोन दिवस घरात चेष्टा सहन केली. तेव्हापासून नियम केला: किमान दोन बाजार एकाच वेळी घसरले, तरच अलर्ट. या नियमावर मी फार खूश होतो.

शुक्रवार, ८ डिसेंबर २०२३. ताईचं लग्न, गोरज मुहूर्त. दुकानात लाल कांद्याच्या ६० गोण्या, पन्नास किलोची एक. किलोला ३८ रुपये पडलेल्या. उन्हाळी कांदा चाळीत महिनोन्महिने थांबतो, लाल कांद्याचं तसं नाही. पंधरा दिवसांत विकायचा, नाहीतर कोंब फुटतात.

दुपारपासून मांडवात एकच घोर होता, मामा पोहोचला नव्हता. तो मालेगावहून निघालेला, आणि चांदवडला रास्ता रोको. नवरीला मांडवात आणायचं कुणी, यावर आत्या आणि काकूंची वेगळीच बैठक बसली होती. मी मामाला तीनदा फोन केला, "किती वेळ लागेल?" एवढंच विचारलं. रस्ता कशासाठी अडवलाय, हे विचारायचं सुचलं नाही. कांद्याच्या भावावर स्क्रिप्ट लिहिणारा मी!

सहाला दहा कमी असताना मामा धापा टाकत आला, बूट न काढताच ताईकडे धावला. मंगलाष्टकं सुरू झाली. तिसऱ्या अष्टकाला खिशात फोन थरथरला. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातानं पाहिलं: दोन बाजार, दोन्ही मर्यादेच्या खाली. उरलेल्या चार बाजारांपुढे काहीच नाही.

ते "काहीच नाही" बघून पोटात गोळा आला. केंद्रानं कांदा निर्यातीवर ३१ मार्चपर्यंत बंदी घातली होती, आणि चिडलेल्या शेतकऱ्यांनी लासलगावसह अनेक ठिकाणी लिलाव बंद पाडले होते. लिलाव नाही म्हणजे दर नाही, आणि दर नाही म्हणजे माझ्या स्क्रिप्टच्या लेखी काही घडलेलंच नाही! त्यात दोन बाजारांची अट. पहिल्या बाजाराची नोंद साडेतीनला आली होती, दुसऱ्याची यायला संध्याकाळ झाली. अडीच तास माझ्याच नियमानं खाल्ले.

अंतरपाट दूर झाल्यावर अण्णांच्या कानाशी लागलो.
"अण्णा, भाव पडलाय. निर्यातबंदी."
"परत एक शून्य गळालं असेल."
"मामाला विचारा, तो कशात अडकला होता."
अण्णांनी मामाकडे बघितलं. मामानं नुसती मान हलवली. "आधी पाहुणे जेवू देत," अण्णा म्हणाले.

पण पंगतीत वाढायला निघाले ते थेट आचाऱ्याकडे. त्याच्याकडे पुढची चार लग्नं होती. अण्णांनी लपवलं काही नाही: भाव पडलाय, उद्या कुठं थांबेल माहीत नाही, माझा ३८ चा माल ३० नं देतो, पोच करून. त्यानं पंधरा गोण्या घेतल्या, जेवायला आलेल्या दोन खानावळवाल्यांनी मिळून दहा. उरलेल्या ३५ पुढच्या दहा दिवसांत सरासरी २४ नं गेल्या. हिशेब: २५ गोण्यांवर दहा हजार, ३५ वर साडेचोवीस हजार, एकूण ३४,५०० चा फटका. सगळा माल २४ नं गेला असता तर ४२,००० बसला असता. म्हणजे स्क्रिप्टनं वाचवले साडेसात हजार, आणि तेही खरं तर पंगतीनं.

रविवारी बदल केला. रिकामी नोंद आता टाकून देत नाही, मोजतो:

```python
gayab = [b for b in bazaar if not nondi[b]]
if len(gayab) >= 3 and aaj.weekday() != 6:
    pathva("लिलाव बंद? " + ", ".join(gayab))
```

संध्याकाळी सातनंतरच चालवतो, कारण काही समित्या नोंद उशिरा टाकतात. रविवार वगळला. पहिल्या बाजाराच्या घसरणीलाही आता निरोप येतो, फक्त पुढे "एकच बाजार" असं लिहून.

मंगळवारी, १२ तारखेला, सातला नवा अलर्ट वाजला. मी फोन घेऊन गल्ल्यापाशी धावलो. अण्णांनी मान वर न करता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.
"अमावास्या आहे रे आज. लिलाव कुठून असणार?"

बऱ्याच बाजारांत ही जुनी चाल अजून आहे, काहींनी मोडली तरी. आता तिथीची यादी कोडमध्ये घालतोय, बाजारनिहाय.