भावंडं किती, हे मी विचारलंच नाही: ऑस्कीतला माझा अनुभव

दारावर चिकटवलेला कागद वाचायला एक मिनिट मिळतं. त्यावर लिहिलं होतं, ‘मुलगी, वय १९. तीन दिवसांपासून हातपाय दुखतात. सात मिनिटांत हिस्टरी घ्या. तपासणी करू नका.’ घंटा झाली आणि मी आत गेले. खुर्चीवर आमच्याच कॉलेजात नुकत्याच लागलेल्या एक ताई रुग्ण होऊन बसल्या होत्या. कोपऱ्यात मॅडम चेकलिस्ट घेऊन बसल्या होत्या. त्या काही बोलत नाहीत, मानही हलवत नाहीत, फक्त टिक करतात.

ओएससीई ही डॉक्टरकीची प्रात्यक्षिक परीक्षा, एकेका स्टेशनवर एकेक काम देणारी; तिला आम्ही ऑस्की म्हणतो. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे ही पद्धत सुरू केली आणि १९७५ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. त्याआधी एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सोपा रुग्ण यायचा, दुसऱ्याच्या वाट्याला अवघड, आणि परीक्षकही वेगवेगळे. इथे प्रत्येकाला तोच रुग्ण, तेवढाच वेळ आणि तीच यादी मिळते. रुग्णाची भूमिका करणाऱ्यालाही कागद दिलेला असतो: काय आपणहून सांगायचं, आणि काय विचारल्याशिवाय अजिबात सांगायचं नाही. माझा सगळा घोळ या दुसऱ्या भागात झाला.

मी नमस्कार केला, नाव सांगितलं, परवानगी घेतली. मग विचारलं, “आपणास वेदना नेमक्या कोणत्या ठिकाणी होत आहेत?” मी दारव्हा तालुक्यातली. घरी आम्ही वऱ्हाडीच बोलतो. पण परीक्षा म्हटल्यावर तोंडातून पुस्तक बाहेर पडलं. ताई म्हणाल्या, “हातपाय लय दुखते जी मॅडम. कापूस वेचून आली अन् तवापासून पडूनच हाय.” मी लगेच पुढचा प्रश्न टाकला. ताप? नाही. सूज? नाही. दम लागतो? नाही. पाच मिनिटांत मी तीसेक प्रश्न विचारले असतील, आणि बहुतेकांची उत्तरं हो किंवा नाही. शेवटी विचारलं, “घरात कोणाला असा आजार आहे का?” ताई म्हणाल्या, “नाई जी.” मी पुढे गेले. बाहेर पडले तेव्हा वाटत होतं, काहीच सुटलं नाही.

२० पैकी ९ गुण मिळाले.

सराव परीक्षा होती, म्हणून मॅडमनी नंतर चेकलिस्ट समोर ठेवून समजावलं. प्रत्येक मुद्द्यापुढे तीन रकाने होते: केलं, अर्धवट, नाही. ताप, छातीत दुखणं, दम, एका बाजूची ताकद जाणं, हे सगळं ‘केलं’मध्ये होतं. ‘नाही’च्या रकान्यात होतं: असं दुखणं पहिल्यांदा कधी झालं, थंडीत किंवा पाणी कमी प्यायल्यावर वाढतं का, डोळे पिवळे होतात का, कधी रक्त चढवलं का, आणि भावंडांची चौकशी. केस सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची होती. डिसेंबरच्या थंडीत दिवसभर कापूस वेचायचा, पाणी प्यायला वेळ नाही, आणि रात्री हाडं ठणकायला लागतात. आमच्या भागात हे चित्र काही अनोखं नाही, तरी मला ते दिसलं नाही, कारण मी उत्तर ऐकतच नव्हते. ‘कापूस वेचून आली’ हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

कुटुंबाबद्दल मी विचारलं होतं ना, मग शून्य का? मी थोडं चिडूनच विचारलं. मॅडमनी ताईंचा कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, ‘घरात असा आजार आहे का असं विचारलं, तर नाही म्हणा. भावंडं किती, सगळी आहेत का, असं विचारलं तर सांगा: एक भाऊ होता, चार वर्षांचा असताना तापात गेला.’

मग त्या म्हणाल्या, “असा आजार म्हणजे कसा, हे तिला कसं कळणार? तिला स्वतःलाच काय झालंय ते माहीत नाही. तिच्या घरी कोणी तपासणी केलेली नाही. भाऊ तापानं गेला एवढंच त्यांना माहीत आहे. तू तिच्याकडून निदान मागितलंस. तिच्याकडे घटना आहे, ती माग.”

आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे इकडे लोक म्हणतात तसे ‘एएस पॅटर्न’चे, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, असण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे जंतुसंसर्ग पटकन जीवघेणा ठरतो. कधी प्लीहेतच एकदम रक्त साठून मूल काही तासांत दगावतं. लहानपणी गेलेला भाऊ हा त्या हिस्टरीतला सगळ्यात वजनदार धागा होता. मी त्याच्यावरून चालत गेले आणि मला पत्ताही लागला नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी वॉर्डात एकच गोष्ट घोकली. ‘बीपीचा त्रास आहे का?’ याऐवजी ‘रोज कोणती गोळी घेता?’ ‘काही व्यसन?’ याऐवजी ‘खर्रा दिवसातून किती वेळा?’ फरक खूप पडतो. एका आजोबांना शुगर आहे का विचारलं तर ते नाही म्हणाले. पिशवीत काय आहे विचारल्यावर त्यांनी शुगरच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. त्यांच्या मते गोळी चालू आहे म्हणजे शुगर ‘नाही’. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. प्रश्नच असा होता की खरं उत्तर त्यात मावत नव्हतं.

सुरुवातीचा एक मिनिट गप्प बसायचीही सवय लावली. ‘काय होते, सांगा बरं सगळं’ एवढं म्हणायचं, आणि थांबले की ‘अजून?’ म्हणायचं. होस्टेलमध्ये रूममेटला रुग्ण करून सराव केला, तेव्हा सगळ्यात कठीण हेच गेलं. समोरचा थांबला की जीभ वळवळते. पण आपणहून सांगितलेल्या त्या मिनिटात चेकलिस्टवरचे बरेच मुद्दे न विचारता येतात, आणि पुढे कुठे खणायचं तेही कळतं.

इंटर्नलच्या ऑस्कीत हिस्टरीचं स्टेशन माझं चौथं होतं. दारावर कागद: ‘शेतकरी, वय ४०. कालपासून मळमळ, चक्कर, डोळ्यांतून पाणी. प्रकृती स्थिर आहे. हिस्टरी घ्या.’ प्रकृती स्थिर आहे हे मुद्दाम लिहितात. प्रत्यक्षात माणूस घामानं भिजला असेल, तोंडाला फेस असेल, तर हिस्टरी घेत बसायचं नसतं, आधी श्वास आणि ॲट्रोपिन.

आत बसलेले काका मला ओळखीचे नव्हते. मी म्हटलं, “काका, काय होते? सांगा सगळं.” ते म्हणाले, “काल फवारा मारला जी पऱ्हाटीवर. संध्याकाळपासून डोकं गरगरून रायलं. डोयातून पाणी येते, दिसते बी अंधुक.” मी ‘अजून?’ म्हटलं. “दोन वेळा उलटी झाली. तोंडात लाळ सुटते.”

आता खणायचं कुठे ते कळलं होतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन बरेच शेतकरी-शेतमजूर दगावले. आमच्या घरी तेव्हापासून तो विषय निघाला की सगळे गप्प होतात. ‘काळजी घेतली होती का?’ असं विचारलं तर कोणीही हो म्हणेल. म्हणून मी त्यांच्याकडून कालचा दिवसच मागितला. किती वाजता सुरू केलं, किती पंप मारले, वारा कोणत्या बाजूनं होता, तोंडाला काय बांधलं होतं, पाठीवरचा पंप गळत होता का, कपडे कधी बदलले. मग खर्रा. फवारताना खर्रा खाल्ला का? “हाव, दोनदा.” औषध लागलेला हात थेट तोंडात. औषधाचं नाव त्यांना सांगता येईना. मी म्हटलं, “डबा फेकू नका काका, घरच्यांना आणायला सांगा.” कारण ऑर्गॅनोफॉस्फरस आहे की दुसरं काही, हे डब्यावरूनच लवकर कळतं आणि उपचार त्यावर ठरतात.

पुढचा प्रश्न मी आरशासमोर कितीतरी वेळा म्हणून पाहिला होता. कीटकनाशकाच्या प्रत्येक रुग्णाला तो विचारावा लागतो, आणि तो धाडकन विचारला तर माणूस बंद होतो. मी आवाज कमी केला. “काका, हे मला सगळ्यांनाच विचारावं लागते. कर्जाचं, घरचं टेन्शन असलं की कधी कधी माणूस औषध मुद्दाम घेते. तुमच्या मनात तसं काही आलं होतं का?” आणि गप्प बसले. ते खाली बघत राहिले. ते पाच-सहा सेकंद फार लांब वाटले. मग म्हणाले, “नाई जी. तसं नाई. पोरीचं लग्न हाय माघ महिन्यात.” मी मान डोलावली.

उरला होता कुटुंबाचा प्रश्न. ‘घरी अजून कोणाला त्रास?’ हे ओठावर आलं होतं, ते गिळलं. आमच्या शेतात बाबा फवारतात, पण ड्रममध्ये औषध कालवते आई, पाणीही तीच आणते. मी विचारलं, “औषध कोणी कालवलं?” काका म्हणाले, “बायकोनं. हातानंच. ती बी घरी पडून हाय, तिचंही डोकं दुखते म्हणे.” मी म्हटलं, “त्यांना आजच घेऊन या दवाखान्यात. येण्याआधी साबणानं अंघोळ करू द्या आणि कालची साडी बाजूला ठेवायला सांगा.”

सहा मिनिटांची इशाऱ्याची घंटा वाजली तेव्हा मी लाळ-घामाच्या पुढची लक्षणं विचारत होते: दम लागतो का, अंग फडफडतं का, लघवी-संडास आपोआप होते का. शेवटची घंटा झाली आणि मी तशीच उठले.

१६ मिळाले. गेलेल्या गुणांमधले दोन एकाच मुद्द्याचे होते: रुग्णानं सांगितलेलं थोडक्यात त्यालाच परत सांगणं आणि ‘काही राहिलं का?’ विचारणं. ते मला येत होतं, पण मी ते मनात केलं, आणि चेकलिस्टवर मनातलं दिसत नाही. खाली एक वेगळी चौकट असते, परीक्षकाचं एकूण मत. नुसती यादी ठेवली तर भराभर शंभर प्रश्न विचारणारा जास्त गुण घेऊन जातो, म्हणून ती चौकट असते, असं मॅडम म्हणाल्या. माझ्या चौकटीत ‘चांगलं’ला गोल होता आणि बाजूला पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘कोणी कालवलं – छान’.

आता सरावाला मोबाईलवर दोन गजर लावते, सहा मिनिटांचा आणि सात मिनिटांचा. पहिला वाजला की प्रश्न अर्धा असला तरी सोडून द्यायचा आणि म्हणायचं, “काका, तुम्ही मला आतापर्यंत असं सांगितलं...”